पातेलं एक, वाट्या सोळा: उसळीच्या वाटणीचा हिशेब

मटकीची उसळ कोणी एका वाटीपुरती करत नाही. मोड आणायचे, वाटण करायचे, एवढा खटाटोप केल्यावर ती पातेलंभरच होते. सकाळी तिची मिसळ होते, दुपारी ती पोळीबरोबर खाल्ली जाते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात जाते. अशा घरात एखाद्याला आहारतज्ज्ञांनी सांगितले, की रोज किती प्रथिने, किती कर्बोदके आणि किती स्निग्ध पदार्थ पोटात जातात ते लिहून ठेवा, तर तो अडतो तो नेमका या पातेल्यापाशी. बिस्किटाच्या पुड्यावर आकडे छापलेले असतात. अंड्याचे आकडे सगळीकडे साधारण सारखेच मिळतात. उसळीचे मात्र तसे नाही. फोनवर ‘मटकी उसळ, एक वाटी’ असे शोधले तर दर ठिकाणी वेगळा आकडा दिसतो, कारण तुमच्या फोडणीत तेल किती, वाटणात खोबरे किती आणि रस्सा किती पातळ, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. त्याला एक वजनकाटा, एक वही आणि साधा भागाकार एवढेच लागते. त्याचे सूत्रही एका ओळीत मावते: पोषण मोजायचे ते पातेल्यात जाताना आणि वजन करायचे ते पातेले उतरवल्यावर. या दोन मापांची गल्लत झाली की आकडे निम्म्याने किंवा दुपटीने चुकतात. ही गल्लत टळली, तरी शेवटी वाटी भरताना आणखी एक अडचण उभी राहते. त्या अडचणीविषयी फारसे कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

पाणी वजन वाढवते, पोषण नाही

उसळीच्या पातेल्यात सर्वांत जास्त काय असते, तर पाणी. मटकी भिजताना पाणी पिते, रश्श्यासाठी आपण पाणी ओततो, कांदा-टोमॅटो स्वतःचे पाणी सोडतात आणि उकळताना त्यातले काही वाफ होऊन उडून जाते. या सगळ्या ये-जा करणाऱ्या पाण्यात प्रथिने नसतात, कर्बोदके नसतात आणि स्निग्ध पदार्थही नसतात. त्यामुळे उसळ दहा मिनिटे जास्त उकळली म्हणून पातेल्यातली प्रथिने कमी होत नाहीत. ती फक्त कमी वजनात सामावतात, म्हणजे उसळ घट्ट होते आणि तिच्या दर शंभर ग्रॅममागचा आकडा वाढतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली ही, की किती पाणी घातले ते मोजण्याची गरज नाही. दुसरी ही, की उसळ तयार झाल्यावर तिचे वजन केल्याशिवाय भागाकार करता येत नाही, कारण किती पाणी उडाले ते वजनकाट्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

मटकी कोरडी असतानाच तोला

सर्वांत मोठी चूक होते ती मोडांपाशी. कोरडी मटकी भिजून मोड आल्यावर वजनाने साधारण दुप्पट किंवा थोडी जास्तच होते. समजा ५०० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आल्यावर ११०० ग्रॅम झाली. आता कोणी मोडांचे वजन केले आणि तक्त्यातला कोरड्या मटकीचा आकडा घेतला, तर दर शंभर ग्रॅमला २० ग्रॅम या हिशेबाने पातेल्यात २२० ग्रॅम प्रथिने दिसतील. प्रत्यक्षात ती १०० ग्रॅम आहेत. वाढलेले ६०० ग्रॅम हे फक्त पाणी आहे.

म्हणून नियम असा, की ज्या अवस्थेत वजन केले त्याच अवस्थेचा आकडा तक्त्यातून घ्यायचा. कोरड्याला कोरड्याचा, शिजलेल्याला शिजलेल्याचा. त्यातही कोरडे वजन सर्वांत भरवशाचे, कारण मोड किती लांब आले, चाळणीत पाणी किती निथळले यावर ओल्या मटकीचे वजन बदलत राहते. मटकी भिजत घालण्याआधीच तोलून वहीत लिहून ठेवावी. बाजारातून मोड आलेलीच मटकी आणली असेल, तर तिचे वजन दोनने भागून कोरड्याचा अंदाज घ्यावा आणि वहीत तसा ‘अंदाज’ असा शेराही मारावा.

खोबऱ्याचेही असेच आहे. सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे ६३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, ओल्या नारळात सुमारे ४१ ग्रॅम. वहीत नुसते ‘खोबरे’ लिहिले तर महिन्याने हिशेब बघताना कोणते ते आठवणार नाही.

तेल मात्र डोळ्यांनी मोजू नये. फोडणीत ‘दोन पळ्या’ म्हणजे किती, हे पळीवर आणि हातावर अवलंबून असते. सोपा उपाय असा: तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा, फोडणी झाली की बरणी पुन्हा काट्यावर ठेवायची. जेवढे वजन घटले तेवढे तेल पातेल्यात गेले. तेल पाण्यापेक्षा हलके असते, एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते, म्हणून मिलिलिटर आणि ग्रॅम एकच समजू नयेत. तेलातला प्रत्येक ग्रॅम स्निग्ध पदार्थच असल्याने इथली छोटी चूकही मोठी पडते.

कांदा-टोमॅटो सोलून, देठ काढून तोलावेत. मीठ, हळद, कोथिंबीर यांचा हिशेब सोडून दिला तरी फरक पडत नाही.

आकडे कुठून घ्यायचे

आपल्याकडच्या धान्य-कडधान्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते हा सर्वांत जवळचा आधार. ते वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. आपल्या ओळखीच्या किलोकॅलरीत आणायला तो आकडा ४.१८ ने भागायचा. कोरड्या मटकीसमोर तेराशेच्या आसपासचा आकडा बघून दचकू नये, किलोकॅलरीत तो तीनशेच्या थोडा वर येतो.

दुसरी गोष्ट कर्बोदकांची. या तक्त्यांत तंतू, म्हणजे न पचणारा चोथा, कर्बोदकांतून वेगळा काढून दाखवला आहे. अमेरिकी तक्त्यांत तो कर्बोदकांतच धरलेला असतो. त्यामुळे कोरड्या मटकीची कर्बोदके इथे ५२ ग्रॅम दिसतात आणि तिथे ६१ ग्रॅम. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच हिशेबात दोन्ही मिसळले तर उत्तर कशाचेच राहत नाही. एक तक्ता निवडावा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहावे.

एका पातेल्याचा पूर्ण हिशेब

आता प्रत्यक्ष एक पातेले घेऊ. ५०० ग्रॅम कोरडी मटकी, ३०० ग्रॅम कांदा, २०० ग्रॅम टोमॅटो, ६० ग्रॅम सुके खोबरे, ९० ग्रॅम तेल, आणि आले-लसूण व कांदा-लसूण मसाला मिळून अंदाजे ८० ग्रॅम. तक्त्यातले आकडे या वजनांनी गुणून, जवळच्या पूर्णांकात आणले तर असे चित्र दिसते:

| जिन्नस | प्रथिने (ग्रॅम) | स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | कर्बोदके (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| मटकी, कोरडी, ५०० ग्रॅम | १०० | ९ | २६० |
| कांदा व टोमॅटो, ५०० ग्रॅम | ६ | १ | ३४ |
| सुके खोबरे, ६० ग्रॅम | ४ | ३८ | ५ |
| तेल, ९० ग्रॅम | ० | ९० | ० |
| मसाला, आले-लसूण | ५ | ४ | १२ |
| पूर्ण पातेले | ११५ | १४२ | ३११ |

ऊर्जा काढायला प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी ४ ने आणि स्निग्ध पदार्थ ९ ने गुणायचे. हे गुणक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून आले आणि आजही जगभर वापरले जातात. ११५ चे ४६०, ३११ चे १२४४ आणि १४२ चे १२७८, एकूण २९८२. म्हणजे पूर्ण पातेल्यात सुमारे २९८० किलोकॅलरी.

तक्त्याकडे जरा थांबून पाहिले तर उसळीची घडण दिसते. प्रथिने जवळजवळ सगळी मटकीतून आली आहेत. स्निग्ध पदार्थ मात्र १४२ पैकी १२८ ग्रॅम तेल आणि खोबऱ्यातून आले आहेत. म्हणजे दाण्यांत प्रथिने आणि रश्श्यात तेल, अशी ही फाळणी आहे. वाटी भरताना तिचा विचार करावाच लागतो.

उसळ तयार झाली. गॅस बंद करून पातेले दहा मिनिटे थांबू दिले आणि काट्यावर ठेवले, तर ४६५० ग्रॅम भरले. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवले होते, १४५० ग्रॅम. वजाबाकी केली की उसळ ३२०० ग्रॅम. दोनशे ग्रॅमची वाटी धरली तर बरोबर सोळा वाट्या. प्रत्येक बेरीज सोळाने भागली की एका वाटीत ७ ग्रॅम प्रथिने, ९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १९ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे १८६ किलोकॅलरी. मटकीतला तंतू धरला तर वाटीमागे जवळजवळ ५ ग्रॅम तोही मिळतो.

सगळे जण दोनशे ग्रॅमच खातील असे नाही. म्हणून वहीत शंभर ग्रॅमचा हिशेबही लिहून ठेवावा: ३.६ ग्रॅम प्रथिने, ४.४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ९.७ ग्रॅम कर्बोदके, ९३ किलोकॅलरी. आजोबांनी दीडशे ग्रॅम घेतली तर दीडपट, मुलाने तीनशे घेतली तर तिप्पट.

पातेल्याचे वजन करताना काही व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा बहुधा पाच किलोपर्यंतच दाखवतो. पातेले त्याहून जड असेल तर उसळ दोन भांड्यांत काढून वेगवेगळी तोलावी, प्रत्येक भांड्याचे रिकामे वजन वजा करावे. गरम भांडे थेट काट्यावर ठेवू नये. काट्यावर आधी लाकडी पाट किंवा जाड घडीचे कापड ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग पातेले ठेवावे. पाटाने काट्याचा पडदा झाकला जात असेल तर खाली एखादे उंच भांडे उपडे ठेवले की आकडा दिसतो. रिकाम्या पातेल्याचे वजन करायला विसरलात तर काही बिघडत नाही: उसळ संपल्यावर पातेले घासून, पुसून तोला आणि मग वजाबाकी करा. पण उसळ वाढायला सुरुवात होण्याआधी भरल्या पातेल्याचे वजन झालेच पाहिजे. ती संधी परत येत नाही.

सारख्या वजनाच्या दोन वाट्या सारख्या नसतात

इथवरचा हिशेब बरोबर आहे, पण तो पातेल्याचा आहे. वाटीचा व्हायचा तर प्रत्येक वाटीत पातेल्याची लहान प्रतिकृती जायला हवी. उसळीत तसे आपोआप होत नाही. मटकी जड, ती तळाशी बसते. रस्सा मधे राहतो. तेल वर तरंगते. वरवर डाव घालणाऱ्याला रस्सा मिळतो, तळापासून घालणाऱ्याला मटकी.

हा फरक केवढा असतो ते आपल्याच पातेल्यावर पाहू. झाऱ्याने मटकी निथळून वेगळी काढली आणि तोलली, तर समजा १३०० ग्रॅम भरली आणि उरलेला रस्सा १९०० ग्रॅम. मटकीतले सगळे दाण्यांतच राहिले असे धरले, तर शंभर ग्रॅम शिजलेल्या दाण्यांत सुमारे ७.७ ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅम कर्बोदके येतात. शंभर ग्रॅम रश्श्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅमही नाहीत, पण स्निग्ध पदार्थ ७ ग्रॅम आहेत.

आता दोन वाट्या भरा, दोन्ही काट्यावर बरोबर २०० ग्रॅम. एकीत १३० ग्रॅम दाणे आणि ७० ग्रॅम रस्सा. तिच्यात साधारण १०.५ ग्रॅम प्रथिने, ६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २८ ग्रॅम कर्बोदके. दुसरीत ५० ग्रॅम दाणे आणि १५० ग्रॅम रस्सा. तिच्यात ५ ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १४ ग्रॅम कर्बोदके. वजन तेच, पण पहिलीत प्रथिने आणि कर्बोदके दुपटीने आणि तेल निम्मे. मधुमेहासाठी जेवणातली कर्बोदके मोजून इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने १४ आणि २८ ही तफावत किरकोळ नाही. वहीत मात्र दोन्ही वाट्यांपुढे १९ च लिहिले जातील.

प्रत्यक्षात दाणे थोडे फुटतात, त्यातला पिठूळ भाग रश्श्यात उतरतो, म्हणून फरक या आकड्यांपेक्षा काहीसा कमी असतो. मटकी जितकी जास्त शिजून मऊ झाली तितका तो घटतो. आख्खा दाणा टिकलेल्या, पातळ रश्श्याच्या उसळीत तो सर्वांत जास्त असतो. मसूर किंवा तुरीचे घोटलेले वरण असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, तिथे नुसते ढवळून वजन केले की पुरे.

उसळीसाठी उपाय आहे तो दोन टप्प्यांत वाढण्याचा. निथळलेल्या मटकीचे वजन सोळाने भागा: ८१ ग्रॅम. प्रत्येक वाटीत किंवा डब्यात आधी ८० ग्रॅमच्या आसपास दाणे घाला. मग काट्यावर वाटी ठेवूनच रस्सा ओता, आकडा २०० वर येईपर्यंत. दाणे आणि रस्सा वेगवेगळे तोलल्यामुळे आता वाटी खरोखर पातेल्याचा सोळावा हिस्सा झाली. आठवड्याचे डबे भरणाऱ्यांनी हीच रीत वापरावी, कारण डबे एकदाच भरायचे असतात आणि झाऱ्याची पाच मिनिटे एकदाच खर्च होतात. रोजच्या जेवणाला एवढे शक्य नसेल, तर प्रत्येक डावाआधी तळापासून वर ढवळावे आणि डाव लगेच उचलावा. ढवळून, गप्पा मारून, मग वाढले तर तेवढ्यात मटकी पुन्हा खाली बसलेली असते.

आपली वाटणी बरोबर होते आहे का, हे तपासायचीही एक रीत आहे. पहिली, मधली आणि शेवटची वाटी बाजूला ठेवा. तिन्हींतली मटकी निथळून तोला. तिन्ही आकडे ऐंशीच्या आसपास आले तर ढवळून वाढणे पुरेसे आहे. पहिलीत ५० आणि शेवटचीत १२० निघाली, तर तुमच्या घरच्या उसळीला झाऱ्याची रीतच हवी.

तरीचा हिशेब वेगळा

मिसळीची लज्जत तरीत असते, आणि या सगळ्या आकडेमोडीत सर्वांत निसटता घटकही तीच. वर तरंगणारे तेल ढवळल्यावर क्षणभर रश्श्यात मिसळते आणि पुन्हा वर येते. रस्सा अगदी समान वाटला तरी पहिल्या वाट्यांत तेल जास्त जाते. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल जवळजवळ १४ ग्रॅम भरते. ते एका वाटीत आले आणि दुसरीत गेले नाही तर सुमारे १२५ किलोकॅलरींचा फरक पडतो. आपल्या एका वाटीतल्या १८६ किलोकॅलरींपुढे हा आकडा ठेवून पाहा.

ज्यांना तरी सारखी वाटायची आहे त्यांनी ती पळीने आधी एका वाटीत काढून घ्यावी, तिचे वजन करावे आणि सोळा भाग करून शेवटी प्रत्येक वाटीवर चमच्याने घालावी. इथे रश्श्याचे माप तेवढ्यानेच कमी करायचे, म्हणजे वाटी दोनशेचीच राहते.

ज्यांना तरी कमी करायची आहे त्यांच्यासाठी हिशेब असा. काढलेली तरी एका काचेच्या पेल्यात दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावी. खाली रस्सा आणि मसाला बसतो, वर स्वच्छ लाल तेल येते. ते वरचे तेल तोलून पातेल्याच्या बेरजेतून वजा करावे. समजा ४० ग्रॅम निघाले. पातेल्यातले स्निग्ध पदार्थ १४२ वरून १०२ वर येतात, ऊर्जा ३६० किलोकॅलरींनी घटते आणि वाटीतला आकडा ९ वरून साडेसहाच्या आत येतो. पेल्यात न बसवता काढलेली सगळी तरी तेल म्हणून वजा केली, तर तिच्यातला रस्साही तेलात मोजला जातो आणि आपण खाल्लेले तेल कागदावर उगाच कमी दिसते. ज्यांना तरी नको पण नंतर दुसऱ्या कुणाच्या मिसळीवर ती हवी आहे, त्यांनी ती त्या माणसाच्या नावावर लिहावी.

मिसळीवर घातलेले फरसाण आणि सोबतचा पाव यांचे आकडे या हिशेबात नाहीत. ते वेगळे तोलून वेगळेच लिहायचे.

हाडांचे काय?

चिकन किंवा मटणाच्या रश्श्याला हीच रीत लागू पडते, फक्त हाडांची भर पडते. तक्त्यातला आकडा बिनहाडाच्या कच्च्या मांसाचा असतो. शंभर ग्रॅम कच्च्या, बिनकातडीच्या चिकनमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातून आणलेल्या किलोभर तुकड्यांत हाडेही तोललेली असतात. म्हणून जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटांतली हाडे एका भांड्यात गोळा करून तोलावीत आणि ते वजन कच्च्या वजनातून कमी करावे. किलोभर चिकनमधून २५० ग्रॅम हाडे निघाली, तर मांस ७५० ग्रॅम आणि प्रथिने १५० ग्रॅम. शिजताना हाडांचे वजन थोडे बदलते, पण या कामाला तेवढा फरक चालतो. दोन-तीनदा हाडे तोलली की नेहमीच्या दुकानातल्या तुकड्यांचे प्रमाण कळून येते आणि मग दर वेळी गोळा करण्याची गरज राहत नाही.

वाढताना तुकडे मोजून देणे पुरेसे नाही, कारण मानेचा तुकडा आणि मांडीचा तुकडा सारखा नसतो. जो नेटका हिशेब ठेवतो आहे त्याने आपले तुकडे ताटात घेताना तोलावेत, खाऊन झाल्यावर आपलीच हाडे तोलावीत आणि दोन्हींतला फरक हे आपण खाल्लेले मांस समजावे. मात्र ते शिजलेले मांस आहे, त्याचे पाणी उडालेले असते. त्याला कच्च्याचा आकडा लावला तर प्रथिने कमी दिसतील. पातेल्यातल्या एकूण शिजलेल्या मांसापैकी आपला वाटा किती, तेवढाच वाटा एकूण प्रथिनांतून घ्यावा, म्हणजे हा घोळ होत नाही.

दुसऱ्या दिवशीचे पाणी

फ्रीजमध्ये ठेवलेली उसळ दुसऱ्या दिवशी घट्ट होते आणि गरम करताना आपण तिच्यात पाणी घालतो. इथे कालचा शंभर ग्रॅमचा आकडा निकामी होतो. समजा आठ वाट्यांएवढी, म्हणजे १६०० ग्रॅम उसळ उरली होती आणि तिच्यात २४० ग्रॅम पाणी घातले. आता वजन १८४० ग्रॅम, पण पोषण आठच वाट्यांचे. त्यामुळे आज एक वाटी २३० ग्रॅमची धरायला हवी. कोणी सवयीने २०० ग्रॅमच घेतली, तर त्याच्या वाट्याला सात नव्हे, सहाच्या थोडी वर प्रथिने येतील.

हा गुंता टाळायचा असेल तर उसळ पहिल्याच दिवशी मोजून डब्यांत भरावी. डब्यात हवे तेवढे पाणी घालून गरम केले तरी डब्यातले पोषण तेच राहते, कारण आता भागाकार झालेला आहे.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

वर एका वाटीची प्रथिने ७ ग्रॅम निघाली. भागाकार ७.१९ असा येतो, पण दशांशांनंतरच्या त्या आकड्यांना अर्थ नाही. कारण मुळात कोरड्या मटकीची प्रथिने वेगवेगळ्या तक्त्यांत शंभर ग्रॅममागे २० ते २४ ग्रॅमच्या दरम्यान दिसतात. वाण, जमीन, पाऊस आणि तपासणीची पद्धत यांनुसार ती बदलतात. २३.६ हा आकडा घेतला तर आपल्या वाटीत ७ ऐवजी ८ ग्रॅम प्रथिने येतात. म्हणून वाटीचा आकडा पूर्णांकात लिहावा आणि एक-दीड ग्रॅमचा पुढे-मागे फरक गृहीत धरावा. कांदा दहा ग्रॅम जास्त झाला म्हणून पुन्हा गणित करत बसू नये. लक्ष द्यायचे ते चार ठिकाणी: कोरड्या मटकीचे वजन, तेल व खोबरे, तयार पातेल्याचे वजन, आणि वाटीतले दाणे-रश्श्याचे प्रमाण. तक्त्यांतल्या फरकाने उत्तर एका ग्रॅमने हलते. यांतले एखादे माप चुकले तर मात्र ते दुपटीनेही हलू शकते.

हे गणित दर रविवारी नव्याने मांडावे लागत नाही. जिन्नस आणि मापे तीच असतील तर पूर्ण पातेल्याची बेरीज तीच राहते: ११५, १४२ आणि ३११. पुढच्या वेळी उसळ ३२०० ऐवजी ३००० ग्रॅम झाली, तर नवी बेरीज करायची नाही, फक्त ३००० ने भागायचे. म्हणून वहीच्या एका पानावर पदार्थाचे नाव, कच्च्या जिनसांची मापे आणि पातेल्याची बेरीज लिहून ठेवावी, खाली रिकाम्या पातेल्याचे वजनही लिहावे. फोडणीत तेल किंवा वाटणात खोबरे बदलले तरच त्या दोन ओळी दुरुस्त करायच्या. बाकी पान वर्षभर चालते, आणि उसळ झाली की काम उरते ते एका वजनाचे आणि एका भागाकाराचे.